नंदूमामा आणि चार काका

“आई, मी चॅटवर सगळ्यांना ‘अंकल’ आणि ‘आंट’च लिहिते. मैत्रिणींना कळतं ना! मग तुला दर वेळी एवढं का लागतं?”

प्रिय चिनू,

लागलं, हे खरं आहे. त्या रात्री तुला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

तू मैत्रिणीला कळवलं होतंस की रविवारी एक अंकल राहायला येणार आहेत. तो माझा भाऊ आहे गं. टिळक रोडवरून त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी शाळेत गेले आहे, चढ आला की खाली उतरून मागून ढकललं आहे. ‘मामा’ म्हटलंस की त्या शब्दात मीही असते, कारण आईवाचून मामा होतच नाही. ‘अंकल’मध्ये मी कुठेच नव्हते. बाबांच्या ऑफिसातले साहेबही तुझे अंकलच.

आधी तू Mama असं लिहून पाहिलं होतंस आणि मैत्रिणीला वाटलं, तुझी आईच विमानातून उतरणार आहे. हे मला नंतर कळलं. त्यात तुझी चूक नव्हती. रोमन अक्षरांत तो शब्द तिकडच्या आईसारखाच दिसतो. त्यापुढे नाव जोडलं तर घोटाळा टळतो, आपणही घरात नंदूमामाच म्हणतो. एकदा ‘आईचा भाऊ’ असं सांगून टाकलं की पुढे नुसतं नंदूमामा पुरतं.

पण आपले शब्द फार अचूक आणि त्यांचे ढोबळ, असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात चार काका होते. एक साताऱ्याचे, बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे खरे काका. दुसरे नाशिकचे, मावशीचे यजमान. तिसरे कोथरूडच्या आत्याचे यजमान. आणि चौथे शेजारचे, ज्यांच्याकडे फोन होता. मावशीच्या नवऱ्याला मावसा आणि आत्याच्या नवऱ्याला आतोबा असे शब्द आहेत, पणजी ते वापरायची. आमच्यापर्यंत येईतो दोघांचेही काका झाले होते.

मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी शेजारी फोन आला. शेजारच्या काकूंनी मला हाक मारून निरोप दिला, “काकांना दवाखान्यात ठेवलंय, बाबांना लगेच निघायला सांग.” मी धावत जाऊन जसाच्या तसा सांगितला. बाबांनी कुठले काका ते विचारलंच नाही. त्यांच्या मनात त्यांचा दादाच होता. पिशवीत कपडे कोंबून ते स्वारगेटला गेले आणि साताऱ्याची एसटी पकडली. अंधार पडता पडता पोचले तर काका ओसरीवर पान जुळवत बसलेले. आजारी होते ते नाशिकचे काका! बाबा रात्रीच्या गाडीने परतले आणि पहाटे शिवाजीनगरहून नाशिकची एसटी धरली. काका बरे झाले, पण मावशीने ती रात्र दवाखान्यात एकटीने काढली. तेव्हापासून आजीने घरात शिस्त लावली, गावाचं नाव घेतल्याशिवाय काका म्हणायचं नाही. इंग्रजीत तुझा होतो तसाच घोटाळा आमचा मराठीतही झाला होता.

आणि आजीचंच बघ. हिंदीत नानी वेगळी, दादी वेगळी. आपल्याकडे आईची आईही आजी आणि बाबांची आईही आजीच. म्हणून तू ‘पुण्याची आजी’ आणि ‘साताऱ्याची आजी’ म्हणतेस. तिथे आपल्या भाषेला बाजू सांगावीशी वाटली नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

मग मी कशाला धरून बसले आहे? माझ्या डोळ्यांसमोर तुझं बारसं येतं. पुण्याच्या घरी पाळणा बांधला होता. खोलीत माझी बहीण होती, वहिनी होती, जाऊ होती. तुझ्या हिशेबाने सगळ्या आंटच. पण नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सगळ्या मागे सरकल्या आणि तुझी आत्या पुढे झाली. तिने वाकून तुझ्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. तो मान तिचाच. पुढे जावळ काढताना तुला मांडीवर घेऊन नंदूमामा बसला. तू त्याच्या शर्टाचं वरचं बटण मुठीत धरून इतकी ओढलीस की दोरा तुटला. ते बटण त्याने पाकिटात ठेवलं आहे.

पुण्यात रस्त्यावर आम्ही हेच शब्द सढळ हाताने वाटतो, हेही तू पाहिलं आहेस. भाजी विकणारी मावशी, रिक्षावाले काका, चौकातला वाहतूक पोलीस मामा. पण अनोळखी बाईला कुणी आत्या म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. तो शब्द बाबांच्या घरातून बाहेर पडलाच नाही, एवढं खरं.

तू ‘कझिन’ म्हणतेस तिथेही मला थोडं सांगायचं आहे. मावशीचा मुलगा तुझा मावसभाऊ आणि तू त्याची मावसबहीण. चुलत भावंडांचंही तसंच, दोन्हीकडून एकच शब्द. पण नंदूमामाचा मुलगा तुझा मामेभाऊ असला, तरी तू त्याची आतेबहीण होतेस, कारण त्याच्याकडून बघितलं तर मी आत्या आहे. कोण कुणाचं हे अडलं की मी लहानपणी उलटं विचारायची, “मी त्याची कोण?” लगेच सुटायचं. या फरकामागे सगळं गोडच होतं असंही नाही. कित्येक घरांत मामाच्या मुलीशी लग्न चालायचं, चुलत बहिणीशी चालायचं नाही, आणि मुलीला न विचारता ते ठरायचंही. शब्द तो हिशेबही ठेवत होते. तो गेला याचं मला वाईट वाटत नाही.

तेव्हा मैत्रिणीला काय लिहायचं ते तूच ठरव. ती नुसतं “कोण आलंय” विचारत असेल तर अंकल पुरेसं आहे. तो कुणाचा कोण, हे कळायला हवं असेल, तर ‘आईचा भाऊ’ लिही. मी पुन्हा दुरुस्त करणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

आणखी एक. काका तुला पुतणी म्हणतात आणि मामा भाची. तू दोघांची ‘नीस’ झालीस तर नंदूला ते चालेल, तो काही बोलणार नाही. पण काल फोनवर विचारत होता, “भाचीसाठी बाकरवडी आणू की आंबापोळी?” मी म्हटलं, तिलाच विचार. तुला त्याचा मेसेज येईल. बॅग शुक्रवारी भरणार आहे, त्याच्या आत उत्तर दे.

तुझी,
आई