पाटी हॉस्पिटलची, दावा कुणावर?

"वकीलसाहेब, माझी खानापुरात छोटी प्रेस आहे. बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलला आणि त्यांच्याच नर्सिंग कॉलेजला केस पेपर, ओपीडी कार्ड, उत्तरपत्रिका छापून दिल्या. ऑक्टोबर २०२१ ते ९ जून २०२२ अशी चार बिलं. १७ नोव्हेंबर २०२३ च्या तारखेचा, टीडीएस कापून ४० हजारांचा चेक आला, तो वटला. तो वजा जाता २ लाख ८६ हजार येणं आहे. २ मे २०२५ ला हॉस्पिटलच्या नावाने दावा लावला. आता त्यांची कैफियत आली की हॉस्पिटल ही कायदेशीर व्यक्तीच नाही, ते ट्रस्ट चालवतो, सबब दावा काढून टाका. पाटीवर कुठेही ट्रस्ट लिहिलेलं नाही. कोण म्हणतं सोसायटी आहे, कोण म्हणतं कंपनी. तीन वर्षं उलटून गेली. पैसे बुडाले का?"

नाही बुडाले, पण ते वाचले आहेत त्या ४० हजारांच्या चेकमुळे. तुम्ही तो चेक पत्रात सहज जाता जाता सांगितलात, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

माल पोचवल्यापासून तीन वर्षं ही तुमची मूळ मुदत. शेवटच्या बिलाची ती जून २०२५ मध्ये संपली. पण मुदत कायद्याचं कलम १९ सांगतं की मुदत चालू असताना देणेकऱ्याने काही रक्कम भरली आणि त्या भरण्याबद्दल त्याच्या सहीचं लिखाण असेल, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. चेक हेच सहीचं लिखाण, असं कोर्टांनी मानलेलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुमची चारही बिलं मुदतीत होती. म्हणजे नवी मुदत १७ नोव्हेंबर २०२६ पर्यंत. ते उद्या म्हणतील की चेक एकाच बिलापोटी होता. म्हणून चेकसोबत आलेलं पत्र, पाकिटात घातलेली चिठ्ठी, तुमच्या खातेवहीतली त्या दिवसाची नोंद, जे असेल ते शोधा. ही रक्कम एका बिलापोटी नव्हे, तर तुमच्या एकूण चालू हिशोबापोटी आली असं दिसलं तर चारही बिलांना आधार मिळतो.

आता ही तारीख एवढी का महत्त्वाची, ते सांगतो. नवा प्रतिवादी दाव्यात घेतला की त्याच्यापुरता दावा, तो ज्या दिवशी आत आला त्याच दिवशी दाखल झाला असं धरलं जातं. हे मुदत कायद्याचं कलम २१. मे २०२५ ची तुमची तारीख ट्रस्टींना आपोआप लागू होत नाही. त्याच कलमात एक सूट आहे. प्रामाणिक चुकीने नाव राहून गेलं अशी कोर्टाची खात्री पटली, तर कोर्ट आधीची तारीख देऊ शकतं. बहुतेक वकील या सुटीवर विसंबतात. मी विसंबणार नाही, कारण याच कायद्यात 'प्रामाणिकपणे' या शब्दाची व्याख्या आहे: योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट प्रामाणिकपणे केली असं धरायचं नाही. तुमची काळजी कुठे दिसते, असं समोरचा वकील विचारणारच. तुमचा टीडीएस ज्याने कापला त्याचं नाव तुमच्या 26AS मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएसच्या उताऱ्यात, छापून आलेलं आहे. रिटर्न भरताना तुमच्या करसल्लागाराने ते पान उघडलं असणार, आणि दावा लावण्याआधी ना तुम्ही ते पाहिलंत ना तुमच्या वकिलांनी मागितलं. मला याचा राग येतो, कारण ते पान पाहायला पाच मिनिटं लागली असती, आणि हीच चूक मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या फाइलमध्ये पाहतो. कुणी पालक फी परत मागत असतो, कुणी पेशंटचा मुलगा असतो, कुणी तुमच्यासारखा पुरवठादार.

तेव्हा आज रात्रीच ते पान उघडा. कापणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात जे असेल ते अक्षर न अक्षर लिहून घ्या. मग चेकचा फोटो काढलेला असेल तर सहीच्या वर किंवा खाली छापलेलं खातेदाराचं नाव पाहा. खातं हॉस्पिटलच्या नावाने असलं तरी खाली बहुधा 'युनिट ऑफ अमुक ट्रस्ट' असं असतं. फोटो नसेल तर ज्या बँकेत भरलात तिच्याकडे चेकच्या प्रतिमेसाठी लेखी अर्ज करा. हा एकच कागद तुम्हाला देणेकऱ्याचं नाव देतो आणि मुदतही देतो.

तिसरी जागा तुमचं स्वतःचं बिल. त्यावर त्यांचा जीएसटी नंबर घातला असेल तर सुरुवातीचे २९ म्हणजे कर्नाटक आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्यांचा पॅन. पूर्ण जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर पाहा. C असेल तर कंपनी, T असेल तर ट्रस्ट, A असेल तर व्यक्तींचा संघ. पण इथे थांबू नका. सोसायट्यांचे पॅन कधी A चे निघतात, कधी T चे. services.gst.gov.in वर नंबर टाकलात तर Legal Name खरं मिळेल, पण Constitution of Business च्या रकान्यात सोसायटी, क्लब आणि ट्रस्ट एकाच ओळीत बसवलेले आहेत. कंपनी आहे की नाही एवढं यातून पक्कं कळतं, ट्रस्ट की सोसायटी हे कळत नाही.

कंपनी ओळखणं सगळ्यात सोपं. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तिला नाव आणि नोंदणीकृत पत्ता प्रत्येक कार्यालयाबाहेर लावावा लागतो, तिथली भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतही, आणि लेटरहेडवर २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापावा लागतो. त्या नंबरात PTC असेल तर प्रायव्हेट लिमिटेड, NPL असेल तर ना-नफा कंपनी. शेवटची जात फसवी आहे. तिच्या नावात 'लिमिटेड' नसतं, 'फाउंडेशन' असतं, आणि लोक तिला ट्रस्ट समजतात. देणगीवर करसवलतीची ८०जी ची पावती देतात म्हणून ट्रस्ट, हाही समज चुकीचा. ती सवलत तिघांनाही मिळते.

ट्रस्ट की सोसायटी हा प्रश्न आपल्या भागात जास्त गुंततो. एक तर आपण मराठीत सगळ्यालाच 'संस्था' म्हणतो. केएलई किंवा कर्नाटक लॉ सोसायटीच्या नावातच सोसायटी आहे, पण प्रत्येकाचं नाव इतकं सरळ नसतं. नावात 'एज्युकेशन ट्रस्ट' आणि नोंदणी मात्र सोसायटीची, असंही असतं. दुसरं म्हणजे १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्यामुळे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इथे लागू होता आणि राज्य बदलल्यावरही राहिला. त्या कायद्याखाली सोसायटीचीही ट्रस्ट म्हणून नोंद व्हायची. कर्नाटकाच्या १९९७ च्या धर्मादाय कायद्याने तो रद्द केला, पण जुन्या संस्था कागदावर तो जुना ट्रस्ट नंबर अजून छापतात. सीमेपलीकडच्या संस्थेची शाखा निपाणीत असेल तर तिच्याकडे महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तांचा नंबर असतो, आणि त्यात सुरुवातीला 'एफ' असेल तर मुळात ती सोसायटी असते. म्हणून कैफियतीत 'ट्रस्ट' लिहिलं एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

हा फरक तुमच्या दाव्यात का लागतो? सोसायटी किंवा कंपनी निघाली तर 'नाव चुकीचं लिहिलं गेलं, माणूस तोच' असं म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्ती मागता येते. पुरुषोत्तम उमेदभाई या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशी दुरुस्ती नावाच्या वर्णनातली चूक म्हणून मान्य केली होती, आणि तसं मानलं गेलं तर मुदतीचा प्रश्नच मागे पडतो. सोसायटीत दावा कोणत्या पदाधिकाऱ्याच्या नावाने लावायचा ते तिच्या नियमांवर ठरतं. ट्रस्ट निघाला तर वाट अवघड. ट्रस्ट स्वतः व्यक्ती नाही, ऑर्डर ३१ रूल २ प्रमाणे सगळे ट्रस्टी पक्षकार व्हावे लागतात, आणि पाच-सात नवी नावं आत घेणं ही नुसती नावाची दुरुस्ती होती, हे कोर्टाला पटवणं कठीण. तिथे १७ नोव्हेंबरच कामाला येतो.

सोसायटी असेल तर जिल्ह्याच्या सोसायटी निबंधकांकडे दर वर्षी पदाधिकाऱ्यांची यादी आणि ताळेबंद द्यावा लागतो, त्याची नक्कल मागा. ट्रस्टची अडचण वेगळी. ट्रस्ट डीड सब-रजिस्ट्रारकडे नोंदतात, पण त्यात स्थावर मिळकत नसेल तर ते चौथ्या पुस्तकात जातं, आणि त्या पुस्तकातली नक्कल फक्त सही करणाऱ्यांना किंवा त्यांच्यातर्फे हक्क सांगणाऱ्यांना मिळते. तुम्हाला खिडकीवरून परत पाठवतील आणि ते नियमाला धरूनच असेल. म्हणून आरटीआयचा अर्ज दोन ठिकाणी टाका: हॉस्पिटलसाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, कारण खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा अर्ज तिथे असतो, आणि कॉलेजसाठी संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाकडे. संस्थेचे मूळ कागद त्या अर्जांना जोडलेले असतात. तीस दिवस धरा. संस्थेला तिसरा पक्ष म्हणून नोटीस गेली तर चाळीस.

त्याच वेळी कोर्टात अर्ज द्या की कैफियतीवर सही करणाऱ्याने ट्रस्टचं पूर्ण नाव, नोंदणीचा तपशील आणि सगळ्या ट्रस्टींची नावं-पत्ते शपथेवर सांगावेत. 'आम्ही नव्हे, ट्रस्ट' असं म्हणून नाव न सांगणारा प्रतिवादी कोर्टालाही आवडत नाही, पण मागितल्याशिवाय कोर्ट स्वतःहून विचारणार नाही.

आणि नोव्हेंबरची वाट पाहू नका. पक्षकार जोडण्याच्या अर्जावर नोटीस, म्हणणं, युक्तिवाद, आदेश यात आपल्याकडे सहा महिने सहज जातात, मध्ये उन्हाळ्याची सुट्टी येते. कोर्टाच्या दिरंगाईचा फटका तुम्हाला बसू नये, अर्जाचीच तारीख धरावी, असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर पैसे लावू नका. 26AS वर जे नाव मिळेल तेवढ्यावर पहिला अर्ज याच महिन्यात द्या. त्यात आधी नावाची दुरुस्ती, ती नाकारली तर ट्रस्टी जोडणं, अशा दोन्ही मागण्या ठेवा, कलम १९ चा चेक स्पष्ट लिहा, आणि कलम २१ ची सूट शेवटी मागा. चेकची प्रतिमा, 26AS चं पान आणि चारही डिलिव्हरी चलनं त्याच अर्जाला जोडा. ऑगस्टअखेर आदेश झाला नाही तर तुमच्या वकिलांना सगळ्या ट्रस्टींवर वेगळा दावा तयार ठेवायला सांगा. तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखल झालाच पाहिजे.