भेट मागायची असेल तर पत्रात कारण लिहू नका

प्रश्न: मुलीचे गणिताचे गुण दोन परीक्षांपासून घसरत आहेत. वर्गशिक्षिकांकडे भेटीची वेळ मागण्यासाठी पत्र कसे लिहावे? आम्हाला वाटणारी कारणेही त्यात लिहावीत का? भेटीला मुलीला सोबत न्यावे का?

कारणे लिहू नयेत. याबाबतीत माझे मत ठाम आहे, कारण कारणे लिहिलेले पत्र मी स्वतः पाठवले होते आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली.

तो तेव्हा सातवीत होता. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी १७, सत्र परीक्षेत ४० पैकी २९ आणि दुसऱ्या चाचणीत २० पैकी ११, असे त्याचे गुण होते. बाकीचे विषय जागच्या जागी होते. तिसरा आकडा पाहून मी पत्र लिहायला बसलो, तेव्हा माझे वडील शेजारी येऊन बसले. त्यांची सगळी नोकरी कार्यालयीन पत्रव्यवहारात गेली. लेखी दिलेले तेवढेच खरे, ही त्यांची आयुष्यभराची धारणा. त्यांच्या सांगण्यावरून पत्राचा विषय झाला, ‘पाल्याच्या अभ्यासाकडे होत असलेल्या दुर्लक्षाबाबत’. पुढे दोन पाने भरली. वर्गात मुले जास्त आहेत, वह्या वेळेवर तपासल्या जात नाहीत, मुलाला मागच्या बाकावर बसवले आहे, हे सगळे त्यात आले. शेवटच्या ओळीत भेटीची वेळ मागितली आणि खाली ‘प्रत माहितीसाठी: मुख्याध्यापक’ असे लिहिले. तो मजकूर माझा नव्हता, पण सही माझी होती, त्यामुळे दोष वडिलांवर ढकलणे मला शोभणार नाही.

पत्र मुलाच्याच हाती पाठवले आणि पाकीट चिकटवले नव्हते. संध्याकाळी दप्तर ठेवताना त्याने मला विचारले, “बाबा, आता बाईंना माझ्यामुळे बोलणी बसणार का?” गणिताच्या बाई हीच त्याची वर्गशिक्षिका होती आणि ती त्याची आवडती होती. हा प्रश्न मी अजून विसरू शकलेलो नाही.

भेट मिळाली, पण ती मुख्याध्यापकांच्या खोलीत. बाई हजेरीपट, पाठांचे नियोजन आणि तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. वह्या वेळच्या वेळी तपासलेल्या होत्या, हे मला तिथेच दिसले. ज्याच्यावर दुर्लक्षाचा आरोप होतो, तो माणूस आधी आपले काम चोख असल्याचे दाखवणार, यात वावगे काहीच नाही. पंधरा मिनिटे त्यातच गेली. मुलाची एकही उत्तरपत्रिका टेबलावर नव्हती, कारण ती काढून ठेवा असे मी दोन पानांत कुठेही लिहिले नव्हते. ‘आम्ही लक्ष देऊ’ एवढे उत्तर घेऊन मी घरी आलो.

तीन आठवड्यांनी मी दुसरे पत्र लिहिले, तेव्हा वडिलांना दाखवले नाही. ते जवळजवळ जसेच्या तसे खाली देतो.

‘प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता ७ वी ब.
विषय: गणिताच्या उत्तरपत्रिका पाहण्यासाठी भेटीची वेळ मिळण्याविषयी.
महोदया, माझा मुलगा (हजेरी क्रमांक १४) आपल्या वर्गात आहे. त्याला गणितात पहिल्या चाचणीत २० पैकी १७, सत्र परीक्षेत ४० पैकी २९ व दुसऱ्या चाचणीत २० पैकी ११ गुण मिळाले आहेत. इतर विषयांत असा फरक दिसत नाही. घरी तो रोज गणिताला बसतो, मात्र समीकरणांची उदाहरणे अर्धवट सोडतो, एवढे आमच्या लक्षात आले आहे. त्याचे नेमके कोठे चुकते, हे आपल्याकडून समजून घ्यावे अशी इच्छा आहे. सत्र परीक्षेची व दुसऱ्या चाचणीची उत्तरपत्रिका पाहता आल्यास उपयोग होईल. येत्या आठवड्यात मंगळवार, बुधवार किंवा शुक्रवारी शाळा सुटल्यानंतर २० मिनिटे मिळू शकतील का? यांपैकी कोणताही दिवस सोयीचा नसल्यास आपण सुचवाल त्या वेळी मी येईन. मागील पत्रातील माझी भाषा योग्य नव्हती, त्याबद्दल दिलगीर आहे.
आपला विश्वासू,’

यातील प्रत्येक वाक्याला तेथे असण्याचे काही काम आहे. गुण ‘किती पैकी किती’ असेच लिहावेत, कारण २० गुणांच्या चाचणीत दोन गुण गेले तरी शेकडा दहा कमी दिसतात आणि तेवढ्याला घसरण म्हणता येत नाही. शेकड्यात मांडले तर माझ्या मुलाचे आकडे ८५, साडेबहात्तर आणि ५५ असे होतात, म्हणजे उतार सरळ वाटतो. प्रत्यक्षात सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका अवघड होती आणि सगळ्या वर्गाचेच गुण उतरले होते, असे बाईंनी भेटीत सांगितले. दुसऱ्या चाचणीत मात्र वर्ग सावरला आणि हा एकटा मागे राहिला. खरी घसरण तेथे होती. ही गोष्ट आपल्याला घरी बसून कधीच कळत नाही. म्हणून भेटीत हे जरूर विचारा, पण पूर्ण वर्गापुरते विचारा. अमक्याच्या मुलाला किती मिळाले, हे विचारायचे नसते.

घरी जे डोळ्यांनी दिसते ते पत्रात एका वाक्यात लिहावे, त्याचा अर्थ लावू नये. ‘समीकरणे अर्धवट सोडतो’ हे दिसलेले आहे. ‘वर्गात नीट शिकवले जात नाही’ किंवा ‘मोबाइलमुळे लक्ष लागत नाही’ हा आपला तर्क आहे. पत्रात तर्क लिहिला की शिक्षकांना दोनच वाटा उरतात, तो मान्य करणे किंवा खोडून काढणे, आणि उत्तरपत्रिका बाजूलाच राहते. पत्नी आजही म्हणते की मोबाइलचा उल्लेख करायला हवा होता. माझे म्हणणे असे की तो केला असता, तर वीस मिनिटे मोबाइलवरच गेली असती आणि पुढे मी सांगतो ते कधीच सापडले नसते.

बाईंनी दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या चाचणीत गेलेल्या नऊ गुणांपैकी सहा गुण एकाच जागी गेले होते. कंसाआधी वजा चिन्ह असले की तो कंस सोडवताना आतले दुसरे चिन्ह बदलत नव्हता. ७ − (x − ३) याचे तो ७ − x − ३ करायचा आणि उत्तर ४ − x काढायचा, ते हवे १० − x. पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर, आकडेमोड बरोबर, अक्षर नीटनेटके. सत्र परीक्षेतही हीच चूक दोन ठिकाणी होती, पण इतर चुकांच्या गर्दीत ती दिसली नव्हती. बाईंनी लाल पेनाने त्या सगळ्या कंसांभोवती वर्तुळे केली, तेव्हा ती मला एका ओळीत मांडल्यासारखी दिसली.

मग त्यांनी हजेरीपट उघडला. पहिल्या चाचणीनंतर लगेच मुलगा तापामुळे आठ दिवस शाळेत नव्हता. त्याच आठ दिवसांत वर्गात ऋण संख्यांची वजाबाकी झाली होती. ताप मला आठवत होता, पण त्या दिवसांत काय शिकवले गेले हे मला ठाऊक नव्हते. बाईंना धडा ठाऊक होता, पण चाळीस मुलांत या एकाचे ते आठ दिवस त्यांच्या लक्षात राहणे शक्य नव्हते. उत्तरपत्रिका, हजेरीपट आणि घरची आठवण या तीन गोष्टी एका टेबलावर आल्या, तेव्हा कारण मिळाले. ते माझ्या पहिल्या पत्रातल्या तीन कारणांत नव्हते.

उपायही साधाच निघाला. बाईंनी पूर्णांक संख्यांचा तो भाग मधल्या सुट्टीत दोनदा पुन्हा समजावला आणि घरी रोज पाच उदाहरणे, फक्त कंस सोडवण्याची, चार आठवडे करायला दिली. वार्षिक परीक्षेत त्याला ४० पैकी ३४ मिळाले. भेटीच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंना तीन ओळींची चिठ्ठी पाठवली होती: काय ठरले, घरी आम्ही काय करणार आणि पुन्हा कधी विचारायचे. तीही आपण पाठवावी, कारण ठरलेली गोष्ट दोघांनाही सारखीच आठवते असे होत नाही.

उत्तरपत्रिका समोर आल्यावर काय पाहायचे, तेही सांगतो. न सोडवलेले प्रश्न आणि चुकीचे सोडवलेले प्रश्न आधी वेगळे करा. शेवटचे पान कोरे असेल तर वेळ पुरला नाही, आणि मग विचारायचे ते लिहिण्याच्या वेगाबद्दल. मधलेच प्रश्न कोरे असतील तर तो धडाच आला नाही. उत्तर बरोबर असून गुण कापले असतील तर पायऱ्या गाळल्या आहेत. एकच चूक वारंवार असेल, तर आमच्यासारखे काहीतरी मागे सुटले आहे. गुण वाढवून मागायला मात्र ही भेट वापरू नका. बेरीज चुकली असेल तर तेवढे दाखवा आणि पुढे जा.

वडिलांचे म्हणणे आजही असे आहे की पहिल्या कडक पत्रामुळेच दुसऱ्याची दखल घेतली गेली. मला ते पटत नाही. बाईंनी दुसऱ्या पत्राला त्याच दिवशी, दोन ओळींत, स्वतःच्या हाताने उत्तर दिले होते आणि बुधवार कळवला होता. पहिल्या पत्राचे उत्तर आठ दिवसांनी कार्यालयाकडून आले. प्रत मुख्याध्यापकांना गेली की वर्गशिक्षकांना आपल्या मनाने उत्तर देता येत नाही, ही साधी गोष्ट कार्यालयात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला माझ्यापेक्षा अधिक समजायला हवी होती, असे मी त्यांना सांगितलेले आहे.

तरीही एका ठिकाणी वडिलांची पद्धतच बरोबर आहे. मुलीला वर्गात मारले जात असेल, कोणी सतत त्रास देत असेल, किंवा दोन साधी पत्रे आणि एक आठवण यांनंतरही वेळच मिळत नसेल, तर ते प्रकरण गुणांचे राहत नाही. तेव्हा तारीखवार लिहा, मुख्याध्यापकांना प्रत द्या आणि पोच घ्या. त्याचप्रमाणे एका विषयाऐवजी सगळेच विषय एकदम खाली आले असतील, तर माझा अनुभव तुम्हाला फारसा उपयोगी नाही. तेव्हा झोप, दृष्टी, घरातील एखादा बदल हे आधी पाहावे लागते. घरातील गोष्ट खासगी असेल तर ‘घरी अलीकडे एक बदल झाला आहे, तो प्रत्यक्ष सांगेन’ एवढेच पत्रात लिहिणे पुरे, कारण ते पत्र पुढे कोणाच्या हाती पडेल हे आपल्याला सांगता येत नाही.

मुलीला सोबत नेण्याविषयी मी खात्रीने सांगू शकत नाही. मी मुलाला नेले नव्हते. पण दुसरे पत्र पाठवण्याआधी त्याला ते पूर्ण वाचून दाखवले, मग पाकीट बंद केले आणि स्वतः जाऊन शाळेत दिले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “समीकरणं मी सोडत नाही, मला ती येत नाहीत.” ते वाक्य मी भेटीत बाईंना तसेच सांगितले.