नंबर दुसऱ्याचा झाला, खाती मात्र त्याच नंबरावर

प्रश्न : वडिलांचा प्रीपेड नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. आता त्यावर भलताच माणूस फोन उचलतो. वडिलांचं गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम त्याच नंबरावर आहे. नंबर परत मिळेल का?

नाही मिळणार. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस वापर नसला की प्रीपेड नंबर बंद करता येतो, मग तो पुन्हा चालू करून घ्यायला १५ दिवस मिळतात. त्यानंतर किमान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, असं ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. ती सगळी मुदत संपली आहे. नवीन माणसाने तो कागदपत्रं देऊन रीतसर घेतला आहे, त्याच्याशी वाद घालू नका.

वडिलांचा जुना फोन वायफायवर चालतो का, ते आधी पाहा. चालत असेल तर त्यातल्या कुठल्याही अ‍ॅपमधून लॉगआउट करू नका आणि फोन रीसेट करू नका. आत शिरलेलं असताना नंबर बदलता येतो. एकदा बाहेर पडलात की ओटीपी त्या माणसाकडे जाईल.

सुरुवात गूगलपासून करा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक ईमेलवरच येतात. खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन रिकव्हरी आणि टू-स्टेप या दोन्ही ठिकाणचा जुना नंबर काढा, नवा घाला आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्या. बदल केल्यावरही सात दिवस गूगल जुन्या नंबरावर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, म्हणून त्या आठवड्यात ‘नवीन लॉगिन’चा ईमेल आला तर लगेच बघा.

मग टेलिग्राम. व्हॉट्सअ‍ॅपचे जुने संवाद फोनमध्ये असतात, त्यामुळे नवीन माणसाने त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं तरी त्याला ते दिसत नाहीत. टेलिग्रामचे नेहमीचे संवाद मात्र सर्व्हरवर असतात. टू-स्टेप पासवर्ड नसेल तर एसएमएसच्या कोडवर सगळे जुने फोटो आणि गप्पा त्याच्यासमोर उघडतात. म्हणून सेटिंग्जमधून नंबर बदला, पासवर्ड लावा आणि ‘डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी फोन दिसला तर तो काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘चेंज नंबर’ वापरा. कोड नव्या नंबरावर येतो. जुन्या नंबरावरून व्हॉट्सअ‍ॅप आधीच सुटलं असेल, तर नव्या नंबरावर सुरू करा आणि नातेवाइकांच्या ग्रुपमधून जुना नंबर आजच काढायला लावा. नाहीतर घरातले निरोप त्या माणसाला जात राहतील.

प्रश्न : आईच्या बँकेतही जुनाच नंबर आहे. तो माणूस पैसे काढू शकेल का?

नुसत्या ओटीपीवर सहसा नाही. पण शिल्लक कळू शकते: अनेक बँकांत नोंदलेल्या नंबरावरून मिस्ड कॉल दिला की शिल्लक एसएमएसने येते.

यूपीआयचा पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते. दुसरा मार्ग आधारचा. त्यात आधार क्रमांकाचे काही आकडे आणि आधारशी जोडलेल्या नंबरावरचा ओटीपी लागतो. आधारलाही जुनाच नंबर असेल तर मध्ये अडसर उरतो तो त्या आकड्यांचा, आणि आधारच्या झेरॉक्स आपण लॉजपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे दिलेल्या असतात. मला यातली ही सगळ्यात कच्ची जागा वाटते.

म्हणून आज बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवायला सांगा. मग शाखेत जाऊन नंबर बदला. त्याच दिवशी आधार केंद्रातही जा. तिथे बोटांचे ठसे किंवा डोळे तपासून नंबर बदलतात, जुन्या नंबराचा ओटीपी लागत नाही. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी वापरून नोंदी तपासा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. तरी त्या भरवशावर थांबू नका.

प्रश्न : मी दुबईत असतो. भारतातला नंबर टिकवायचाय.

रिचार्जची मुदत संपू देऊ नका आणि दर महिन्याला त्या सिमवरून एक फोन किंवा एसएमएस करा. प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असतील तर ९० दिवसांनी ते कापून ३० दिवस वाढतात, पण तेवढ्यावर विसंबू नका.

प्रश्न : मीच नवीन सिम घेतलं. त्यावर कुणाचे तरी बँकेचे मेसेज आणि वसुलीचे फोन येतात. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये ओटीपी टाकला तर दुसऱ्याच बाईंचं खातं उघडलं.

पत्ता, ऑर्डर काही न बघता बाहेर पडा आणि ग्राहक सेवेला लिहा की हा नंबर आता माझा आहे, जुन्या खात्यातून काढा. ते खातं बंद करणं किंवा स्वतःच्या नावावर करणं तुमच्या हातून होऊ नये. त्यात त्यांचे पैसे किंवा रिफंड असू शकतो.

ओटीपीचे मेसेज पुसून टाका, कुणी फोनवर मागितला तरी सांगू नका, अगदी ‘मीच जुनी मालकीण’ म्हणाल्या तरी. त्यांना बँकेत जायला सांगा. बँकेच्या हेल्पलाइनलाही नंबर चुकीचा नोंदलेला असल्याचं कळवा. वसुलीवाल्यांना ईमेल करा आणि सिम कधी चालू झालं याचा ऑपरेटरकडचा पुरावा जोडा. तुम्ही कर्जदार नाही, हे तारखेवरून सिद्ध होतं.