सेवापुस्तक समोर ठेवून लिहिलेलं भाषण

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत 30 वर्षं नोकरी झाली, पुढच्या महिन्यात निवृत्ती आहे. समारंभात वर्षावर्षाच्या ठळक घटना घेऊन भाषण करायचं मनात आहे. सुरुवात कुठून करू आणि काय काय घेऊ?

उत्तर:

मी 31 मे 2024 ला लातूर जिल्ह्यातून निवृत्त झालो आणि असंच भाषण केलं. त्यामुळे माझ्या कागदावर काय राहिलं आणि काय खोडावं लागलं, तेच सांगतो.

आधी कार्यालयातून सेवापुस्तकाची प्रत मागून घ्या. पेन्शनच्या कागदांसाठी ते आता बाहेर निघालेलंच असेल. आपल्याला वाटतं सगळं आठवतंय, पण वर्षं सरकतात. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमधून नव्या इमारतीत आम्ही 1996 ला गेलो असं मी पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो. शाळेचं लॉगबुक काढलं तर 1998 निघालं. समोर बसलेले लोक त्याच शाळेत शिकलेले असतात. त्यांच्यापैकी एकानं जरी मनात वर्ष मोजलं, तरी पुढचं भाषण त्याच्या कानावरून जातं.

सेवापुस्तकात दरवर्षीची नोंद असते, पण ती वेतनवाढीची, बदलीची, रजेची. तेवढ्यावर भाषण उभं राहत नाही. म्हणून मी दुसरं कागदपत्र शेजारी ठेवलं, ते म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. सेवापुस्तकात मी कोणत्या वर्षी कुठं होतो ते सापडायचं आणि रजिस्टरात त्या वर्षी माझ्यासमोर कोण बसलं होतं ते. एका वहीत डाव्या पानावर वर्ष लिहिलं, उजव्या पानावर त्या वर्षाचं एक मूल किंवा एक माणूस. ज्या वर्षासमोर उजवं पान कोरं राहिलं, ते वर्ष भाषणात घ्यायचं नाही असं ठरवलं. तीसपैकी अकरा वर्षं कोरी राहिली. वाईट वाटलं, पण ती सोडून दिली.

पाचवा, सहावा, सातवा वेतन आयोग मी पहिल्या कच्च्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले होते. ते काढले. मंडपात निम्मे लोक गावातले असतात, त्यांना त्याचं काय? 2009 साली माझ्यावर विनाकारण निघालेली एक नोटीसही होती. पंधरा वर्षं ती मनात सलत होती आणि माइक हातात आला की बोलायचंच, असं ठरलेलं होतं. आमच्या हिनं रात्री कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, त्या साहेबाला तुमच्या शेवटच्या दिवशी कशाला बोलावताय?" तेही खोडलं. आज वाटतं, बरं झालं.

वेळेचा हिशेब आधीच करा. एका वर्षाला अर्धा मिनिट दिला तरी 30 वर्षांची पंधरा मिनिटं होतात, आणि अर्ध्या मिनिटात एकही वर्ष धड सांगून होत नाही. माझं पहिलं लिखाण घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं तर बावीस मिनिटं लागली. मग चारच वर्षं उघडून सांगायची आणि मधली एकेका वाक्यात ओलांडायची असं केलं. ते बारा मिनिटांत बसलं. ती चार वर्षं होती 1994, 1996, 2016 आणि 2020.

1994 ला मी सर्वांत जास्त वेळ दिला. माझी पहिली नेमणूक औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भाषणात त्यावर एकच वाक्य ठेवलं. मी रुजू झालो तो 18 जुलै 1994 चा सोमवार होता. मुख्याध्यापकांनी माझ्या हातात जुनं जनरल रजिस्टर दिलं आणि नवी हजेरी तयार करायला सांगितली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात एरवी 'चौथी पास' किंवा 'परगावी गेले' असं लिहिलेलं असतं. त्या पानांवर एकाखाली एक 'भूकंपात मयत' होतं. अक्षर सगळ्या नोंदींचं एकच, शाई निळी. फक्त एका ओळीत 'मयत'चा 'त' शाई पसरून मोठा झाला होता. त्या रजिस्टरातून माझ्या हजेरीत 23 नावं आली.

मुलं पत्र्याखाली बसायला तयार नसत. रस्त्यावरून विटांचा ट्रक गेला आणि पत्रा थरथरला की सगळा वर्ग बाहेर. पहिल्या आठवड्यात मी त्यांना ओढून आत आणत होतो. ती माझी चूक होती आणि मी भाषणात ती तशीच सांगितली. मग दिवाळीपर्यंत वर्ग लिंबाखाली भरवला. पाऊस आला की मुलं स्वतःहून शेडच्या दाराशी येऊन उभी राहायची. आत यायची नाहीत, दाराशीच थांबायची. हळूहळू एक पाऊल आत, दोन पावलं आत असं करत जानेवारीत वर्ग आत बसला.

एक सांगतो, आणि याची काळजी तुम्हीही घ्या. त्या रजिस्टरातलं एक नाव मला भाषणात घ्यायचं होतं. भूकंपात गेलेल्या एका मुलीचं. तिचा धाकटा भाऊ माझ्या पहिल्या वर्गातला, आज चाळिशीचा आहे. समारंभाच्या चार दिवस आधी मी त्याच्या घरी गेलो आणि विचारलं, आईसमोर विचारलं. म्हातारीनं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मग म्हणाली, "घ्या गुरुजी, कोण घ्यालंय आता तिचं नाव." परवानगी मिळाली नसती तर मी फक्त 'हजेरीत 23 नावं आली' एवढंच म्हणालो असतो. लोकांच्या दुःखातलं काही भाषणात आणायचं असेल तर आधी घरी जाऊन विचारा, फोनवर नको.

1996 घेतलं ते तांदळासाठी. 15 ऑगस्ट 1995 ला पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा शाळेत अन्न शिजत नव्हतं. महिन्याला 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. पंचवीस दिवसांची शाळा असेल तर वीस दिवस हजर पाहिजे. आमच्याकडची काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. आजीजवळ ठेवलेली दोन भावंडं होती, मोठा धाकटीला सांभाळत एक दिवसाआड यायचा. त्याचे तेरा दिवस भरायचे, चौदा भरायचे. वाटपाच्या दिवशी तो पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला आणि हजेरीप्रमाणे त्याला तांदूळ बसत नव्हता. नियम मी मोडला नाही. दुसऱ्या महिन्यापासून धाकटीलाही शाळेत आणून बसव असं त्याला सांगितलं, ती माझ्या टेबलाशेजारी पोत्यावर झोपायची. त्या महिन्यात त्याचे बावीस दिवस भरले. पहिल्या महिन्याची ती रिकामी पिशवी मात्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही, आणि हे मी मंडपात तितक्याच शब्दांत सांगितलं. तोवर मागं खुर्च्या सरकवणारे लोक शांत झाले होते.

2016 ला फार बोलावं लागलं नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो एप्रिल ज्यानं पाहिला त्याला वर्णन नको. मी फक्त शाळेचं सांगितलं. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना खिचडी द्यायची होती, पण ताटं धुवायला पाणी नव्हतं. मग मुलांनी घरून डबे आणले आणि घरी नेऊन पुसले. 2020 मध्ये शाळा बंद झाली तेव्हा माझ्या वर्गातल्या मोजक्याच घरांत मोठा फोन होता. दोन गल्ल्यांच्या मध्ये पाराखाली सहा-सहा मुलं बसवून मी वाचन घेतलं. इतकंच.

मधली वर्षं अशी ओलांडली: "2000 ला पहिलीपासून इंग्रजी आलं, मुलांआधी मी शिकलो." "2010 ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आम्ही शाळाबाह्य मुलं शोधत वीटभट्ट्या फिरलो." एक वर्ष, एक वाक्य, आणि पुढं.

आता समारंभाचं. आपल्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी अनेकांची जन्मतारीख 1 जून लिहून घेतली. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्ती, म्हणून आपण सगळे 31 मे ला निघतो. तुमचंही तसंच असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. शाळेला सुट्टी असते, मुलं नसतात. मी मुलांचा निरोप मेच्या सुरुवातीला, शेवटच्या हजेरीच्या दिवशीच घेतला, त्यांना भाषण दिलं नाही, प्रत्येकाकडून एकेक धडा वाचून घेतला. दुसरं, त्याच दिवशी तालुक्यात आणखी चार ठिकाणी निरोप असतात आणि पाहुण्यांना पुढं जायचं असतं. सत्कार, शाल-श्रीफळ आणि मनोगतं यांत दोन तास जातात, सत्कारमूर्तीची पाळी दुपारी एकला येते. मेच्या उन्हात मंडपाखाली कोण ऐकणार? मी आयोजकांना विनंती करून सकाळी नऊला कार्यक्रम ठेवला आणि माझं भाषण अध्यक्षांच्या आधी नव्हे, तर मनोगतांच्याही आधी घेतलं. रिवाजाला सोडून होतं, पण कुणी नाराज झालं नाही.

आभारांची यादी भाषणात घालू नका. एक नाव राहिलं की तेच लक्षात राहतं. मी ती छापून भिंतीवर लावली.

शेवट कसा करावा यावर मी दोन रात्री अडलो होतो. मग सेवापुस्तकाचं पहिलं पान पुन्हा उघडलं. तिथं लिहिलं होतं: 'दि. 18 जुलै 1994 रोजी मध्यान्हपूर्व रुजू.' ते मी मंडपात वाचलं. त्यानंतर शेवटच्या पानावर लिपिक जी नोंद करणार होते, ती मीच आधी वाचून दाखवली: 'दि. 31 मे 2024 रोजी मध्यान्हानंतर, नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त.' आणि कागद घडी घालून खाली बसलो. तो भाऊ आईला हाताला धरून पुढं आला. "आमच्या आक्काचं नाव घेतलाव गुरुजी," एवढंच म्हणाला.