अर्जात परवान्याची ओळ आधी

मित्रा, ड्रायव्हरच्या नोकरीचा अर्ज वाचणारा आधी परवाना शोधतो. म्हणून पहिल्याच वाक्यात तो कोणत्या वाहनासाठी आहे आणि कधीपर्यंत वैध आहे, हे लिही. ‘मी सुरक्षित गाडी चालवतो’ असं तर कुणीही लिहितं. त्यापेक्षा हे बघ: ‘गेल्या चार वर्षांत माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही. चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचा एक दंड झाला होता, तो भरला आहे.’ दंड लपवू नकोस. कंपनीने नोंदी तपासल्या आणि तफावत दिसली, तर बाकीच्या अर्जावरचाही विश्वास उडतो. भरवशासाठी ‘मेहनती’सारखी विशेषणं नकोत; गाडी किती वाजता काढायचास, माल पोहोचल्याची सही कशी घ्यायचास, ते सांग. जुन्या सुपरवायझरचा नंबर त्यांना विचारूनच दे.