‘सोबत जोडलंय’ म्हणतात, पण फाईलच नाही: उत्तर कसं लिहायचं?

प्रश्न: ‘मेलमध्ये लिहिलंय "सोबत सुधारित मसुदा जोडला आहे, पाहून दुसऱ्या मुद्द्यावर अभिप्राय कळवावा", पण मेलला काहीच जोडलेलं नाहीये. "मेल मिळाला, पाहून कळवतो" असं लिहिलं तर वाचल्यासारखं वाटतं, आणि "तुम्ही फाईल जोडली नाही" म्हटलं तर भांडल्यासारखं. मराठीत नीट कसं लिहायचं?’

‘मेल मिळाला, त्यात सुधारित मसुदा सोबत असल्याचं लिहिलंय, पण मला फाईल दिसत नाहीये, जोडायची राहिली असावी. पुन्हा पाठवाल का? मसुदा वाचल्यावर दुसऱ्या मुद्द्याबद्दल लिहितो.’ एवढं पुरतं. आता यात कुठला शब्द काय काम करतोय ते सांगतो, कारण एखादा शब्द हलला की अर्थ सरकतो.

गडबड सगळी ‘पाहून कळवतो’ मध्ये आहे. हे आपण दिवसातून कितीदा टाइप करतो त्याला हिशोब नाही, त्यामुळे ते खोटं वाटतच नाही. पण ‘पाहून’ म्हटलं की पाहायला काहीतरी हातात आलंय असं समोरच्याने धरलंच, आणि मग तो दोन दिवस निवांत वाट बघत बसतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, ‘पाहिलं का?’ तेव्हा ‘अहो फाईलच नव्हती’ म्हणायची वेळ आली की दोन दिवस काय करत होतात हा प्रश्न येणारच, आणि त्याला बरं उत्तर नसतं. ‘नोंद घेतली’, ‘ओके’, नुसता अंगठा, हे सगळे त्याच माळेचे मणी. ‘तुमचा मेल वाचला’ हेसुद्धा जरा फसवं, कारण पाठवणाऱ्याच्या डोक्यात मेल म्हणजे मजकूर अधिक फाईल असं एकच गाठोडं असतं. म्हणून पोच द्यायची ती मेलची द्या, फाईलची देऊ नका. ‘मेल मिळाला’ इथे थांबा आणि लगेच ‘पण’ येऊ दे. ‘पण’ दुसऱ्या परिच्छेदात ढकलला तर घाईत वाचणारा पहिली ओळ बघून मेल बंद करतो.

आता दोष न देण्याचं. मराठीत यासाठी ‘राहणे’ हे क्रियापद आयतंच आहे. ‘तुम्ही जोडायला विसरलात’ यात माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, ‘जोडायची राहिली’ यात फाईल राहते, माणूस वाक्यात येतच नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलं म्हणतो तसंच. त्यापुढे ‘असावी’ लावायचं ते निव्वळ सभ्यता म्हणून नाही, ते खरं म्हणूनही. तुम्हाला तुमच्या बाजूचं तेवढं माहितीये. त्यांनी जोडली होती आणि वाटेत गळाली, हेही होऊ शकतं. म्हणूनच ‘फाईल नाही’ पेक्षा ‘मला दिसत नाहीये’ बरं, तेवढंच तुम्ही पाहिलंय. (‘आपल्या नजरचुकीने’ असं काहीजण नम्रपणाने लिहितात, पण तो नम्र वेष घातलेला दोषच आहे, मला तरी नाही आवडत.)

पण ‘दिसत नाहीये’ लिहायच्या आधी खरंच बघून घ्या. मेलच्या तळाशी जा, लांबलचक साखळी असेल तर जुने मेल उघडून बघा, कारण फाईल आधीच्या मेलमध्ये असते आणि नुसता रिप्लाय केला की ती सहसा सोबत येत नाही, फॉरवर्ड केला तर येते. मजकुरात कुठे लिंक आहे का तेही बघा. जीमेलमधून २५ एमबीच्या वरची फाईल पाठवली की ती ड्राइव्हची लिंक होऊन जाते आणि आपण मात्र पेपरक्लिपचं चिन्ह शोधत बसतो.

हे बघणं यासाठी की ‘फाईल मिळाली नाही’ या एका वाक्यात आपण तीन वेगळ्या भानगडी कोंबतो. फाईल आलीच नाही, आली पण उघडत नाही, आणि लिंक आहे पण परवानगी मागतेय. तिन्हीला ‘मिळाली नाही’ म्हटलं की पाठवणारा बिचारा तीच फाईल तशीच परत पाठवतो, आणि दुसऱ्या दोन प्रकारांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यापेक्षा ‘फाईल आलीय पण उघडत नाहीये, पीडीएफ करून पाठवाल का’ किंवा ‘लिंक उघडली की परवानगी मागतेय, मला अ‍ॅक्सेस द्याल का’ असं लिहिलं की त्यांना नेमकं काय करायचं ते कळतं. आणि ‘मी तर जोडली होती’ असं उत्तर आलं तर वाद न घालता ‘सेंटमधला मेल उघडून तिथे फाईल दिसतेय का बघाल का’ एवढं विचारा. तिथे दिसली तर वाटेत अडकली, नाही दिसली तर जोडायचीच राहिली. कुणी कुणाला खोटं पाडायची गरज पडत नाही.

खरी कसोटी तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या मुद्द्याची आहे. समजा मेलमध्येच लिहिलंय की ‘दुसऱ्या मुद्द्यात मुदत पंधरा दिवसांवरून तीस केली आहे’. आता तुम्हाला मत द्यायला थोडं काहीतरी मिळालं, आणि इथेच हात शिवशिवतात. मत द्या की, पण ते कुठून आलं ते लावून द्या: ‘मेलमध्ये लिहिलंय त्यावरून तीस दिवस मला चालतील, मसुद्यातली प्रत्यक्ष वाक्यरचना अजून पाहिलेली नाही.’ ‘त्यावरून’ हा शब्द इथे सोन्यासारखा आहे. तो काढला तर तेच वाक्य मसुद्याला दिलेली संमती होऊन बसतं, आणि उद्या मसुद्यात तीस दिवसांसोबत आणखी एखादी अट निघाली तर ‘तुम्ही तर हो म्हणाला होतात’. ग्रुपमध्ये बाकीचे ‘छान झालंय’ म्हणत असतील तरी हेच, ‘वरची चर्चा वाचली, मूळ फाईल माझ्याकडे आलेली नाही’ म्हणा. ‘सहमत’ नको.

सरकारी पद्धतीचं पत्र असेल तर जोडलेल्या कागदाला ‘सहपत्र’ म्हणतात आणि तिथे ‘आपले पत्र प्राप्त झाले, तथापि त्यात नमूद केलेले सहपत्र प्राप्त झालेले नाही, कृपया पाठवावे’ हे सरळ चालतं. तिथे ‘राहिली असावी’ घालू नका, विचित्र वाटेल.

जवळच्या माणसाला एवढं काही लागत नाही, ‘अरे फाईल राहिली बघ’ झालं काम.

आणि फाईल खरंच आली की आधी एक ओळ टाका: ‘आता आली, उघडली, आठ पानी आहे, वर "सुधारित" लिहिलंय, हीच ना?’ कारण घाईत दुसऱ्यांदा पाठवताना जुनाच मसुदा जोडला जाणं हे फार होतं, आणि पानं न् शीर्षक सांगितलं की वाचायला बसायच्या आधीच ते ‘अरे थांबा, ती नको’ म्हणतात.