‘ओव्हरफिटिंग’ म्हणजे दोन रेघांतलं अंतर का?

प्रश्न: सांगलीच्या कॉलेजात तासाला पडद्यावर लावलेल्या आलेखाचा फोटो सोबत जोडलाय. दिवसभरातल्या तापमानाच्या नोंदींवर बहुपदी बसवल्या आहेत. आडव्या अक्षावर १ ते ९ ‘अंश’, उभ्यावर त्रुटी. फोटोत रंगांची सूची कापली गेलीय. ‘प्रशिक्षण त्रुटी’ कुठली आणि ‘चाचणी त्रुटी’ कुठली? दोन रेघांमधल्या अंतराला ओव्हरफिटिंग म्हटलं तर चालेल का?

उत्तर: नाही, अंतराला ओव्हरफिटिंग म्हणू नये. अंतर तर आडव्या अक्षावरच्या १ लाही आहे, आणि तिथे नेमका उलटा दोष आहे. ओव्हरफिटिंग हा शब्द एका चालीसाठी आहे: बहुपदीची कोटी, म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घातांक, वाढवत नेली की एक रेघ खाली उतरत राहते आणि त्याच वेळी दुसरी वर चढू लागते. दोन्ही गोष्टी एकदम घडायला हव्यात.

आधी आडव्या अक्षाकडे बघू. तिथे ‘अंश’ लिहू नका. शाळेच्या बीजगणितात बहुपदीतल्या चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकाला ‘कोटी’ म्हणतात आणि इथे तोच शब्द हवा. तुमच्या नोंदी तापमानाच्या आहेत, त्यामुळे उभ्या अक्षावरची चूक खरोखरच अंश सेल्सिअसमध्ये मोजली आहे. दोन्हीकडे ‘अंश’ लिहिलं तर वाचणारा हमखास गोंधळणार.

‘प्रशिक्षण त्रुटी’ आणि ‘चाचणी त्रुटी’ हे शब्द रूढ होऊ पाहताहेत, पण ते फसवे आहेत. पहिला ऐकला की प्रशिक्षण देण्यातच काहीतरी कमी राहिलं असं वाटतं, दुसरा ऐकला की चाचणी घेताना काहीतरी चुकलं असं. खरं तर बहुपदी एकच असते. फक्त तिचं उत्तर आणि प्रत्यक्ष नोंद यांतला फरक दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांवर मोजलेला असतो: एक गठ्ठा बहुपदी बसवायला वापरलेल्या नोंदींचा, दुसरा बाजूला राखून ठेवलेल्या नोंदींचा. म्हणून मी ‘सरावाच्या नोंदींवरची चूक’ आणि ‘राखीव नोंदींवरची चूक’ असं लिहीन. त्या ‘-वरची’मुळे मोजमाप कशावर केलं ते लगेच कळतं. नुसतं ‘चूक वाढली’ असं वाक्य या विषयात लिहूच नये. कशावरची ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सूची कापली गेली तरी रेघा ओळखता येतात. बहुपदी लघुतम वर्ग पद्धतीने बसवल्या असतील, तर कोटी वाढवल्यावर सरावाच्या नोंदींवरची चूक कधीच वाढत नाही. कारण सोपं आहे: कोटी ४ च्या बहुपदीत चौथ्या घाताचा सहगुणक शून्य ठेवला की कोटी ३ चीच बहुपदी मिळते. म्हणजे मोठ्या कोटीला लहान कोटीइतकं तरी जमतंच. फोटोत जी रेघ एकदाही वर गेलेली नाही ती सरावाची, आणि वाटीसारखी खाली येऊन पुन्हा वर चढलेली ती राखीव नोंदींची.

आता उभा अक्ष नीट बघा. त्यावर ०.१, १ आणि १० या खुणा सारख्याच अंतरावर आहेत, म्हणजे तो लॉग प्रमाणावर काढलाय. अशा आलेखावर डोळ्यांना दिसणारी फट वजाबाकी दाखवत नाही, पटी दाखवते. दोन ठिकाणी सारखीच फट दिसली तरी एका ठिकाणी फरक अर्ध्या अंशाचा आणि दुसरीकडे पाच अंशांचा असू शकतो. ‘अंतर म्हणजे ओव्हरफिटिंग’ ही व्याख्या इथेच कोलमडते. शिवाय फोटो तिरका आहे. उजवीकडची उंची डावीकडच्या खुणांवरून पट्टी लावून वाचू नका. त्या त्या जागी पार्श्वभूमीची आडवी जाळीरेघ कुठे पोचते ते पाहून वाचा.

तशी वाचली तर सरावाची रेघ कोटी १ ला साधारण २.९ वर आहे, कोटी २ ला १.३, कोटी ३ ला ०.७, आणि पुढे सावकाश उतरत कोटी ८ ला ०.३ च्या आसपास. राखीव नोंदींची रेघ ३.१, १.६, १.१ अशी उतरते, कोटी ४ ला १.२ होते, कोटी ५ ला १.४, कोटी ६ ला २, आणि कोटी ९ ला थेट १४. कोटी १ ला दोन्ही चुका मोठ्या आणि जवळपास सारख्या आहेत. सकाळी चढणारं आणि दुपारनंतर उतरणारं तापमान सरळ रेघेत बसत नाही, हा अंडरफिटिंगचा दोष. कोटी ३ पर्यंत दोन्ही रेघा एकत्र उतरतात. तिथून पुढे त्यांच्या वाटा फुटतात आणि ओव्हरफिटिंग हा शब्द तिथून लागू होतो.

कोटी ९ ला सरावाची रेघ आलेखाच्या तळातून बाहेर पडलेली दिसते. ती छपाईची चूक नव्हे. सरावाच्या नोंदी १० आहेत आणि कोटी ९ च्या बहुपदीला स्थिर पद धरून १० सहगुणक असतात. वेळा वेगवेगळ्या असतील तर अशी बहुपदी दहाही बिंदूंमधून तंतोतंत जाते, चूक शून्य होते, आणि शून्याला लॉग अक्षावर जागाच नाही. पण प्रत्येक नोंदीत तापमापकाची आणि वाऱ्याच्या झुळकीची थोडी खळबळ असते. बहुपदी तीही गिरवते आणि त्यासाठी दोन बिंदूंच्या मधे, विशेषतः पहिल्या आणि शेवटच्या तासांजवळ, उंच हेलकावे घेते. राखीव नोंदी या मधल्या जागांतल्या असतील, तर तिथली चूक अशी १४ अंशांवर जाऊ शकते. सांगलीत मे महिन्यातसुद्धा तापमान तासाभरात असं उसळत नाही.

कधी एखाद्या आलेखात सरावाची रेघही मोठ्या कोटीला वर चढलेली दिसते. त्याला ओव्हरफिटिंग म्हणू नका, तो आकडेमोडीचा बिघाड आहे. वेळ २४ पर्यंतच्या तासांत तशीच ठेवली तर २४ चा नववा घात २.६ लाख कोटींच्या पुढे जातो, आणि पहिला घात मात्र साधी दोन आकडी संख्या. एवढ्या तफावतीत संगणकाची अचूकता हरवते. वेळ आधी −१ ते १ मध्ये आणली की हे टळतं. पायथनच्या नमपाय या संचातली ही पद्धत ते स्वतःच करते, x म्हणजे वेळ आणि y म्हणजे तापमान:

```python
from numpy.polynomial import Polynomial
p = Polynomial.fit(x, y, deg=3)
```

एक गोष्ट मात्र या एका फोटोवरून ठरवता येत नाही: कोटी ३ चांगली की ४. राखीव नोंदी फक्त ६ आहेत आणि १.१ व १.२ मधला फरक त्यांतल्या एका नोंदीनेही उलटू शकतो. अशा वेळी लहान कोटी घ्यावी, किंवा सगळ्या १६ नोंदी पुन्हा पिसून नवे दोन गठ्ठे पाडावेत आणि आलेख परत काढावा. पिसणं गरजेचंच आहे. सकाळ-दुपारच्या १० नोंदी सरावाला आणि संध्याकाळच्या ६ राखीव अशी वाटणी केली असेल, तर दुसरी रेघ बहुपदी आपल्या टप्प्याबाहेर ताणल्यामुळे चढेल, आणि कोटी २ ला सुद्धा चढू शकेल. फोटोवरून ही वाटणी दिसत नाही. ती सरांना विचारून घ्या.